संतप्त ग्राहक आणि दुकानातील कर्मचारी : प्रशिक्षणाची एक व्यवहार्य रीत

प्रस्तावना

किरकोळ व्यापाराविषयी वाणिज्य शाखेत जे अध्यापन होते त्यात खरेदी, साठा, किंमतनिश्चिती आणि जाहिरात या विषयांना पुरेसे स्थान मिळते. परंतु विकलेली वस्तू घेऊन ग्राहक रागाने दुकानाच्या पायरीवर उभा राहतो तेव्हा नेमके काय करावे, हा विषय बहुधा ‘ग्राहकाशी नम्रतेने वागावे’ या एका वाक्यात आटोपतो. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी दिवाळीच्या व लग्नसराईच्या दिवसांत कापडाच्या, चपलांच्या किंवा विद्युत उपकरणांच्या दुकानांत काम करतात. त्या प्रसंगाला सामोरे जाण्याची वेळ पहिल्या आठवड्यातच त्यांच्यावर येते आणि तेव्हा हे वाक्य त्यांच्या फारसे उपयोगी पडत नाही.

प्रस्तुत लेखात तालुक्याच्या गावातील, मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा आणि पाच-सात कर्मचारी असलेल्या साडीच्या दुकानाचा विचार केला आहे. मोठ्या साखळी दुकानांत परताव्याचे नियम मुख्य कार्यालय ठरवते व तक्रारीसाठी स्वतंत्र खिडकी असते. तेथील प्रश्न वेगळे आहेत. छोट्या दुकानात विकणारी, तक्रार ऐकणारी आणि बोलणी खाणारी व्यक्ती एकच असते, आणि निर्णयाचा अधिकार मात्र तिच्याकडे नसतो. बहुतेक भांडणांचे मूळ याच विसंगतीत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून कर्मचाऱ्याला गोड बोलायला शिकविण्याआधी त्याला कोणते अधिकार द्यायचे आणि मालकाने कोठे पुढे यायचे, हे ठरविणे आवश्यक ठरते.

राग कशाने वाढतो

दुकानात शिरताना ग्राहकाचा राग वस्तूवर असतो. पुढच्या चार-पाच वाक्यांत तो माणसावर वळतो किंवा ओसरतो. तक्रार हाताळण्यासंबंधीच्या अभ्यासांत टॅक्स, ब्राउन आणि चंद्रशेखरन या तिघांचा १९९८ सालचा शोधनिबंध महत्त्वाचा मानला जातो. तक्रारदार तीन गोष्टी वेगवेगळ्या जोखतो, अशी त्यातील मांडणी आहे. शेवटी हाती काय पडले ही एक. निर्णय कोणत्या रीतीने व किती वेळात झाला ही दुसरी. आणि त्या वेळी आपल्याला कसे वागविले गेले ही तिसरी. यांपैकी पहिली गोष्ट पूर्णपणे कर्मचाऱ्याच्या हाती नसते. तिसरी मात्र बऱ्याच अंशी त्याच्याच हाती असते. दुसरी मालकाने आधी काय ठरवून ठेवले आहे यावर अवलंबून असते.

व्यवहारात घडते ते असे. ग्राहक बोलू लागतो. कर्मचारी म्हणतो, ‘माझ्या हातात काही नाही.’ वाक्य खरे असते, पण ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ ‘माझ्याशी बोलण्यात तुमचा वेळ जातो आहे’ असा लागतो. मग ग्राहक आवाज चढवितो. कारण ज्याच्या हाती काही आहे त्याच्यापर्यंत तो आवाज पोहोचावा, अशी त्याची अपेक्षा असते. गल्ल्यावरचा मालक मान वर करून पाहतो, उठून येतो आणि गर्दीसमोर शोभा नको म्हणून वस्तू बदलून देतो. या एका प्रसंगातून तिघे तीन धडे शिकतात. ओरडल्याशिवाय काम होत नाही, हे ग्राहक शिकतो. आपण मध्ये उभे राहण्याला अर्थ नाही, हे कर्मचारी शिकतो. कोपऱ्यात बसून हे पाहणारा दुसरा ग्राहक दोन्ही धडे घरी घेऊन जातो.

ग्राहकाला मनसोक्त बोलू द्यावे, राग आपोआप निवळतो, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्याने राग आणला त्याचा विचार करीत राग बाहेर काढणाऱ्या व्यक्तींचा राग कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला. दुकानातही हेच अनुभवास येते. पहिली एक-दोन मिनिटे मध्ये न तोंड घालता ऐकणे आवश्यकच आहे. पण त्यानंतर तीच हकीकत तिसऱ्यांदा सांगू दिली तर सांगणारा अधिकच तापतो. त्या क्षणी त्याचे लक्ष हकीकतीवरून वस्तूकडे वळवावे लागते, आणि ते उपदेशाने वळत नाही. एखाद्या साध्या, उत्तर देता येईल अशा प्रश्नाने वळते.

बोलण्यातील शब्द

काही वाक्ये दुकानात उच्चारलीच जाऊ नयेत, हे प्रशिक्षणात प्रथम सांगावे. ‘शांत व्हा’ हे त्यांतील पहिले. या दोन शब्दांनी कोणी शांत झाल्याचे ऐकिवात नाही. समोरच्याचे वागणे अशोभनीय आहे असा निवाडा त्यात असतो. ‘आमच्याकडे असं कधी होत नाही’ या वाक्यात ग्राहक खोटे बोलत असल्याचा आरोप दडलेला असतो. ‘तुम्हीच गरम पाण्यात धुतली असेल’ यात तो उघड होतो. ‘बोर्ड वाचला नाही का?’ याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

त्यांच्या जागी काय बोलावे? पाठ केलेली इंग्रजी वळणाची वाक्ये, उदाहरणार्थ ‘तुमच्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’, तालुक्याच्या दुकानात कृत्रिम वाटतात आणि थट्टेचा भास निर्माण करतात. आपल्याकडे नात्याचे संबोधन आणि बसायला देण्याची रीत हीच खरी सुरुवात आहे. ‘या काकू, बसा आधी. साडी दाखवा मला.’ या तीन लहान वाक्यांत बरेच काही साधते. उभा माणूस बसतो. बसलेल्याचा आवाज उभ्या माणसाइतका चढत नाही. साडी पिशवीतून बाहेर येते, म्हणजे बोलणे माणसांवरून वस्तूवर येते. आणि ‘दाखवा मला’ या शब्दांनी, ऐकणारी व्यक्ती काहीतरी करणार आहे हे कळते.

संबोधनाविषयी एक सूचना आवश्यक आहे. वीस वर्षांच्या मुलीने चाळिशीच्या बाईंना ‘काकू’ म्हटले तर काहींना ते रुचत नाही, ‘ताई’ सुरक्षित. पुरुष ग्राहकास ‘दादा’, ‘काका’ किंवा ‘साहेब’ यांपैकी त्याच्या वयाला शोभेल ते म्हणावे. मात्र संभाषणाच्या मध्यात संबोधन बदलू नये. आरंभी ‘ताई’ म्हणणारी मुलगी वाद वाढल्यावर ‘मॅडम’ म्हणू लागली की नाते तुटल्याचे ग्राहकाला लगेच जाणवते.

दुसरा टप्पा म्हणजे आपण काय ऐकले ते सांगणे. ‘म्हणजे पहिल्याच धुण्यात काठाचा रंग अंगावर उतरला, आणि रविवारी कार्य आहे. बरोबर ना?’ यात चूक कबूल केलेली नाही, नाकारलेलीही नाही. ग्राहक ‘हो’ म्हणतो. भांडणातले ते पहिले ‘हो’ असते. घाईची खरी बाब, म्हणजे रविवारचे कार्य, कर्मचाऱ्याने स्वतः उच्चारली पाहिजे. अनेकदा ग्राहकाचा राग साडीच्या किमतीपेक्षा त्या रविवारचा असतो.

तिसरा टप्पा अधिकाराचा. ‘माझ्या हातात नाही’ याऐवजी ‘एवढं मी आत्ता करू शकते, याच्या पुढचं शेठ ठरवतात, मी त्यांना आत्ताच विचारते’ असे म्हणावे. पण हे वाक्य खरे असण्यासाठी ‘एवढं’ म्हणजे किती, हे मालकाने आधी ठरवून दिलेले असावे लागते. ठरविलेले नसेल तर तिला हे वाक्य शिकविणे म्हणजे तिला खोटे बोलायला लावणे होय.

एक प्रसंग

उदाहरणादाखल एक प्रसंग घेऊ. तो रचलेला आहे. परंतु कापडाच्या व्यापारात त्याची पुनरावृत्ती नित्याची आहे. एका बाईंनी ३,२०० रुपयांची, मोतिया रंगाच्या अंगाची व लाल काठाची सुती-रेशमी साडी घेतली. फॉल-पिको करून घेतले, त्याचे १५० रुपये झाले. सोबतच्या कापडाचे ब्लाउज शिवून घेतले, त्याचे ६०० रुपये. घरी पाण्यात काढताच काठाचा लाल रंग मोतिया अंगावर पसरला. अकराव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, दुकान भरलेले असताना त्या आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, ‘लुटायला बसलात का इथं? ही साडी आहे की पोतेरं?’

विक्रीवरच्या मुलीने त्यांना बसविले, पाणी दिले, साडी हातात घेऊन उलगडली आणि वर सांगितल्याप्रमाणे हकीकत परत सांगितली. त्यानंतर तिने दोनच प्रश्न विचारले. ‘पाण्यात किती वेळ होती?’ आणि ‘घेताना आमच्याकडून कुणी सांगितलं होतं का, की पहिल्यांदा ड्रायक्लीनला द्या म्हणून?’ या दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. तो दुकानाच्या वागण्याविषयी आहे, ग्राहकाच्या नव्हे. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर चौकशीच्या भीतीशिवाय मिळते. बाई म्हणाल्या, ‘कुणी काही बोललं नाही. दहा मिनिटं साध्या पाण्यात होती.’

यानंतरची कृती सर्वांत उपयोगी आहे आणि ती फार थोड्या दुकानांत होते. मुलीने पांढऱ्या सुती रुमालाचे टोक साध्या पाण्यात भिजवून साडीच्या काठावर दहा-बारा वेळा दाबून घासले. टोक लाल झाले. मग तिने मांडणीतून त्याच मालाची, न विकलेली दुसरी साडी काढून तिच्या काठावर तीच कृती केली. तेथेही टोक लाल झाले. हे सर्व बाईंच्या समोर झाले. ही कसोटी प्रयोगशाळेची नव्हे. गडद रंगाच्या सुती कापडातून पहिल्या धुण्यात थोडा रंग निघतोच, आणि रुमाल किंचित गुलाबी झाला एवढ्यावरून दोष सिद्ध होत नाही. परंतु थंड पाण्याने, साबणाशिवाय, न वापरलेल्या साडीचा रंग रुमालावर स्पष्ट उतरत असेल तर दोष धुणाऱ्याचा नाही, रंग पक्का बसविलेला नाही, असे मानण्यास पुरेसा आधार मिळतो. याउलट न विकलेल्या साडीचा रंग उतरला नसता, तर मुलीला तेही तितक्याच स्पष्टपणे दाखविता आले असते. ‘तुम्हीच बिघडवली’ असे म्हणण्याची गरज उरली नसती. कसोटी दोघांच्या समोर झाल्यामुळे वाद दोन माणसांत राहत नाही.

फॉल-पिको झालेली साडी नवी म्हणून पुन्हा विकता येत नाही, म्हणून ती बदलून देण्याचा अधिकार या दुकानात कर्मचाऱ्यांना नव्हता. शिवाय रक्कम त्यांच्या मर्यादेपलीकडची होती. मुलगी म्हणाली, ‘ताई, रंग कच्चा आहे हे मला दिसतंय. एक हजारापर्यंतचं मी ठरवू शकते. ही साडी त्याच्या वरची आहे. शेठना मी आत्ता बोलावते. तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार नाही.’ शेठ आले त्यापुढचे वर्णन योग्य ठिकाणी येईल. येथे एवढेच नोंदवू की त्यांनी साडीच्या किमतीची दुसरी साडी निवडण्यास सांगितले, तिचे फॉल-पिको त्याच रात्री दुकानाच्या खर्चाने करून देण्याचे कबूल केले आणि शिलाईचे ६०० रुपये दिले. हा खर्च उधळपट्टीचा नव्हता. त्या मालाच्या मांडणीत राहिलेल्या साड्या लगेच बाजूला काढता आल्या. घाऊक व्यापाऱ्याला दोष दाखवून माल परत पाठविता आला. आणखी चार साड्या विकल्या गेल्या असत्या तर चार भांडणे झाली असती.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० सालच्या आपल्या ग्रंथात असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग वेगळे केले होते : निमूटपणे दुकान सोडून जाणे आणि आवाज उठविणे. दुकान सोडून जाणाऱ्यांकडून मालकाला काही कळत नाही. कच्च्या रंगाची बातमी आणली ती ओरडणाऱ्या बाईंनी.

दोष, नापसंती आणि भिंतीवरचा बोर्ड

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बोर्ड आपल्या बाजारपेठेत अजूनही पाहायला मिळतो. कर्मचारी त्याचा ढालीसारखा वापर करतात. येथे कायद्याची किमान माहिती त्यांना देणे प्रशिक्षणाचा भाग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २०२० च्या जुलै महिन्यात अमलात आला. त्याने अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बिल न देणे याचा समावेश केला. तसेच सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिची किंमत बिलात नमूद केलेल्या मुदतीत, किंवा तशी मुदत नसल्यास ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे याचाही केला. म्हणजे सदोष वस्तूच्या बाबतीत हा बोर्ड दुकानदाराचा बचाव करीत नाही. तो वाचून दाखविणारा कर्मचारी मालकालाच अडचणीत आणतो.

परंतु प्रत्येक परतावा दोषामुळे नसतो. घरी नेल्यावर सासूबाईंना रंग आवडला नाही, ही नापसंती झाली, दोष नव्हे. बदलून देणे हे तेथे दुकानाचे सौजन्य असते आणि त्याला अटी घालण्याचा दुकानाला अधिकार आहे : बिल हवे, घडी मोडलेली नसावी, फॉल लावलेला नसावा, अमुक दिवसांच्या आत आणावी. तिसरा प्रकार वापरातील हानीचा. इस्त्रीने जळलेला पदर किंवा खिळ्याला अडकून फाटलेला काठ यांची जबाबदारी दुकानावर येत नाही. पहिल्या दोन मिनिटांत कर्मचाऱ्याने मनातल्या मनात उत्तर द्यायचा प्रश्न हाच, की समोरचे प्रकरण या तिघांपैकी कोणते आहे. तिसऱ्या प्रकारात ‘नाही’ म्हणावेच लागते. ते म्हणताना कारण दाखवावे आणि जमेल ते सुचवावे : ‘दादा, हे इस्त्रीनं जळलंय, बघा, कडेनं तपकिरी झालंय. हे बदलून देता येणार नाही. पण एवढ्या भागावर पॅच लावून घेता येईल. काम करणाऱ्याचा पत्ता देतो.’

‘मी ग्राहक मंचात जाईन’ ही धमकी पुष्कळदा ऐकू येते. मंचाचे नाव आता ‘आयोग’ झाले असले तरी लोकांच्या तोंडी जुनाच शब्द आहे. तिच्यावर ‘जा, जा’ असे उत्तर देणारा कर्मचारी समोरच्याला खरोखरच तेथे पाठवितो. ‘तो तुमचा हक्क आहे, ताई. बिल जपून ठेवा. पण त्याआधी शेठशी एकदा बोलून घ्या’ एवढे पुरे. ग्राहकाने मोबाइलवर चित्रण सुरू केले तरी तो हिसकावण्याचा, त्यापुढे हात धरण्याचा प्रयत्न करू नये; चित्रणात तेवढाच क्षण उरतो.

सहनशीलतेची सीमा

आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९८३ साली विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास मांडताना, पगारासाठी स्वतःच्या भावना आवरणे व दाखविणे हेदेखील श्रम आहेत, हा विचार पुढे आणला. साडीच्या दुकानात दिवसाला दहा-अकरा तास उभ्या असलेल्या मुलीला हे श्रम करावे लागतात आणि त्यांची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. त्यामुळे ‘ग्राहक देव आहे’ या वाक्याला एक सीमा घालून देणे मालकाचे कर्तव्य ठरते. ही सीमा कर्मचाऱ्याच्या स्वभावावर सोपवू नये. सोशिक मुलगी फार सोसते, तापट मुलगा फार लवकर उलटतो.

मोठा आवाज, दुकानाला नावे ठेवणे, ‘पुन्हा पायरी चढणार नाही’ असे म्हणणे हे सीमेच्या आतले आहे. शिवी, जातीवरून किंवा गावावरून बोलणे, बाईमाणसाच्या कपड्यांवरून वा चारित्र्यावरून बोलणे हे सीमेबाहेरचे. शिवी आली तर एकदा, आवाज न चढविता, सांगावे : ‘काका, तुमच्या तक्रारीचं मी बघतोच आहे. पण शिवी देऊन बोललात तर मला पुढं बोलता येणार नाही.’ या वाक्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी तक्रार, मग अट. दुसऱ्यांदा शिवी आली की कर्मचाऱ्याने काउंटर सोडून मालकाकडे जावे. त्यासाठी त्याला कोणाची परवानगी लागू नये.

अंगाला हात लावणे, वस्तू अंगावर फेकणे, वाट अडविणे किंवा स्त्री कर्मचाऱ्याला उद्देशून अश्लील बोलणे यांना पहिली सूचना नसते. तेथे संभाषण त्याच क्षणी थांबते, दुसरा कर्मचारी मध्ये येतो आणि गरज पडल्यास ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळविले जाते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने, कामाच्या ठिकाणी संबंध येणाऱ्या व्यक्तींपासूनही सुरक्षित वातावरण पुरविण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. ग्राहक ही अशीच व्यक्ती होय. ‘गिऱ्हाईक आहे, सोडून दे’ असे म्हणणारा मालक केवळ निष्ठुर ठरत नाही. तो आपले कायदेशीर कर्तव्यही टाळतो.

सीमा दोन्ही बाजूंनी आहे. चोरीचा संशय आला तरी कर्मचाऱ्याने ग्राहकाची पिशवी ओढू नये, शटर खाली घेऊ नये, हात धरू नये. एखाद्याला जाऊ न देणे हा स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. तसेच ‘उद्या पैसे देतो’ असे, अधिकार नसताना, सुटका करून घेण्यासाठी कबूल करू नये. आजचे भांडण टाळण्यासाठी दिलेल्या खोट्या शब्दाने उद्याचे भांडण दुप्पट होते.

मालकाने केव्हा पुढे यावे

आवाज ऐकू आला म्हणून मालकाने उठणे ही सर्वांत मोठी चूक आहे. त्याने उठण्याची कारणे आधी ठरलेली व कर्मचाऱ्यांना ठाऊक असावीत. रक्कम मर्यादेपलीकडे गेली. ग्राहकाने कर्मचाऱ्यावरच आरोप केला, जसे की सुटे पैसे कमी दिले वा खोटे सांगून माल विकला. वर सांगितलेली सीमा ओलांडली गेली. किंवा दहा मिनिटे होऊनही बोलणे जागचे हलत नाही. अशा वेळी त्याने यावे. याखेरीज कर्मचाऱ्याला स्वतःहून बोलाविता आले पाहिजे, आणि त्यासाठी खूण ठरलेली असावी. काही दुकानांत ‘शेठ, जरा माप बघता का?’ असे एखादे निरुपद्रवी वाक्य त्यासाठी वापरतात. बोलावल्याबद्दल नंतर बोलणी बसणार नाहीत, ही खात्री नसेल तर खूण निरुपयोगी होते.

कसे यावे, याला अधिक महत्त्व आहे. आपल्या प्रसंगातील शेठ आले आणि त्यांनी पहिला प्रश्न ग्राहकाला न विचारता मुलीला विचारला, ‘काय झालं?’ तिने बाईंच्या समोर तीन वाक्यांत सांगितले : साडी केव्हा घेतली, काय झाले, रुमालाने काय दिसले. मग ते बाईंकडे वळून म्हणाले, ‘ताई, हिनं सांगितलं त्यात काही राहिलं का?’ बाईंनी शिलाईच्या पैशांचे सांगितले. या रीतीने तीन गोष्टी साधल्या. बाईंना हकीकत पुन्हा उगाळावी लागली नाही. मुलीचे म्हणणे दुकानाचे म्हणणे म्हणून मान्य झाले. आणि राहिलेला मुद्दा स्वतंत्रपणे पुढे आला. निर्णय दिल्यावर साड्या दाखविण्याचे काम शेठने पुन्हा त्याच मुलीकडे सोपविले. जी व्यक्ती मघाशी बोलणी खात होती, तिच्याच हातून भरपाई झाली.

याच्या नेमके उलट जे नेहमी घडते तेही सांगितले पाहिजे. मालक येतो, कर्मचाऱ्याकडे न पाहता म्हणतो, ‘अहो ताई, ही पोरं नवीन आहेत, त्यांना काही कळत नाही. मला सांगा तुम्ही.’ ग्राहक सुखावतो, साडी बदलली जाते, पण त्या मुलीचा शब्द त्या दुकानात संपतो. पुढच्या वेळी तेच ग्राहक तिच्याशी न बोलता सरळ गल्ल्याकडे जातात. मग मालक तक्रार करतो, की कर्मचारी जबाबदारी घेत नाहीत.

निर्णय आवाजाच्या पट्टीवर अवलंबून नसावा. मुकाट्याने साडी घेऊन येणाऱ्या ग्राहकाला जे मिळाले असते, तेच ओरडणाऱ्याला मिळावे. कमी नाही आणि जास्तही नाही. कर्मचाऱ्याने नियमाप्रमाणे ‘नाही’ म्हटले असेल तर मालकाने तेच ‘नाही’ उच्चारावे. नियमच चुकीचा वाटला तर तो त्या रात्री बदलावा, ग्राहकासमोर नव्हे. कर्मचाऱ्याची खरोखर चूक असेल, तर मालकाने ‘आमच्याकडून चूक झाली’ असे म्हणावे. ‘हिच्याकडून’ असे नव्हे. हिशेब दुकान बंद झाल्यावर करावा.

मालक दुकानात नसेल तर? ‘शेठ नाहीत, उद्या या’ हे वाक्य संतापात भर घालते. निर्णय घेणारी दुसरी व्यक्ती नेमलेली असावी, किंवा दूरध्वनीवर विचारता यावे. तेही शक्य नसेल तर वेळ नेमकी द्यावी : ‘उद्या अकरा वाजता शेठ असतील. साडी इथं ठेवायची असेल तर मी पावती करून देते. तुमचा नंबर द्या. मी स्वतः फोन करते.’ आणि मग फोन खरोखर केला गेला पाहिजे. काही दुकानांत मालक हाच सर्वांत तापट असतो. अशा ठिकाणी शेवटचा शब्द घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावा, हे सुचविणे अवघड असले तरी टाळता येत नाही.

सरावाची रीत

हे सारे व्याख्यानाने येत नाही. दुकान उघडण्यापूर्वीची पंधरा मिनिटे, आठवड्यातून दोनदा, याप्रमाणे महिनाभर सराव केला तर पाच-सात कर्मचाऱ्यांची तयारी होते. जुना कर्मचारी ग्राहक होतो, नवा काउंटरवर उभा राहतो. ग्राहकाची भूमिका करणाऱ्याने हास्यास्पद नक्कल करू नये, ही एक अट कसोशीने पाळावी. अन्यथा सराव करमणूक होतो. प्रसंग दुकानात घडलेलेच घ्यावेत. पहिल्या आठवड्यात केवळ पहिली तीन वाक्ये घोटवावीत : बसविणे, वस्तू हातात घेणे, हकीकत परत सांगणे. दुसऱ्यात दोष, नापसंती व वापरातील हानी ओळखणे आणि ‘नाही’ म्हणणे. तिसऱ्यात शिवीनंतरचे वाक्य, आणि ते शांत आवाजात येईपर्यंत पुन्हा पुन्हा. चौथ्यात मालकाने स्वतः सरावाला उभे राहावे, कारण सोपविण्याची तीन वाक्ये दोघांनी मिळून शिकायची असतात. मालक या सरावाला येत नसेल तर पहिल्या तीन आठवड्यांचे श्रम फुकट जातात.

वाक्ये शब्दशः पाठ करून घेऊ नयेत. प्रत्येकाने ती आपल्या बोलीत बसवावीत. कोल्हापूरच्या दुकानातले ‘बसा की ताई’ आणि नागपूरच्या दुकानातले ‘बसा ना ताई’ यांत हेतू एकच आहे.

सोबत एक साधी वही ठेवावी. तारीख, बिल क्रमांक, तक्रार, काय केले, कोणी ठरविले, एवढे पाच रकाने पुरेत. कर्मचाऱ्याच्या चुका मोजण्यासाठी ती वापरायची नाही, हे आरंभीच सांगावे. तक्रारीमुळे झालेला खर्च पगारातून कापण्याची प्रथा जेथे आहे तेथे ही वही कोरीच राहील. कोरी वही हे सुव्यवस्थेचे नव्हे, लपवाछपवीचे चिन्ह समजावे. महिनाअखेरीस ती चाळली की एकाच घाऊक व्यापाऱ्याचा माल पुन्हा पुन्हा दिसतो का, विकताना धुण्याची सूचना सांगायची राहते का, आणि कर्मचाऱ्यांनी आपल्या मर्यादेत किती प्रकरणे मिटविली, हे कळते. सगळीच प्रकरणे मालकाकडे येत असतील तर एक हजाराची मर्यादा कमी पडते आहे, किंवा कर्मचाऱ्यांना ती वापरण्याची भीती वाटते आहे. यांपैकी कोणते, हे त्यांना विचारूनच ठरवावे लागते.